सेवेत असताना मृत्यू: ग्रुप टर्म विम्याच्या दाव्याचं कंपनीचं पत्र

प्रश्न: आमच्या युनिटमधला ऑपरेटर रजेवर गावी गेला होता, तिथेच वारला. ग्रुप टर्म विम्यासाठी कंपनीने पत्र द्यायचं म्हणतात. त्यात काय लिहावं?

उत्तर:

पत्र कंपनीनेच द्यायचं असतं. मास्टर पॉलिसी कंपनीच्या नावावर, हप्ता कंपनीने भरलेला, माणसांची यादीही कंपनीनेच पाठवलेली. त्यामुळे "घरच्यांना सांगा, ते करतील अर्ज" असं सांगून हात झटकणारा एचआर मला मुळीच पटत नाही. वारलेल्या माणसाच्या बायकोकडे पॉलिसी नंबरसुद्धा नसतो.

तुमच्या प्रकरणात खरी अडचण 'रजेवर' या शब्दात आहे. समजा, वाळूजचा ऑपरेटर, गाव परतूर तालुक्यातलं. शेवटची हजेरी 28 फेब्रुवारी, 1 ते 10 मार्च मंजूर रजा, मृत्यू 6 मार्च. ऑफिसातून पत्र निघतं: "ते 28 फेब्रुवारीपर्यंत आमच्याकडे कामाला होते." वाचणाऱ्याला वाटतं, 28 लाच नोकरी संपली आणि मृत्यू त्यानंतरचा. झालं, शंकेचं पत्र येतं आणि दावा तिथेच अडकतो.

त्याऐवजी असं लिहा: "श्री. अमुक हे 6 मार्च रोजी, म्हणजे मृत्यूच्या दिवशी, कंपनीच्या सेवेत होते. शेवटची हजेरी 28 फेब्रुवारीची असून 1 ते 10 मार्च ही मंजूर अर्जित रजा होती. त्यांनी राजीनामा दिला नव्हता व कंपनीने त्यांची सेवा संपवली नव्हती." सोबत सहीचा रजेचा अर्ज, जानेवारी ते मार्च हजेरीचा उतारा आणि शेवटची पगारपावती जोडा. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सुटल्याची तारीखही 6 मार्चच टाका, कारण 'सेवेत असताना मृत्यू'. तिथे कुणी 28 फेब्रुवारी टाकून ठेवली, तर तुमचंच पत्र तुमच्याच नोंदीने खोटं पडतं.

रजा बिनपगारी किंवा आजारपणाची असेल तर तसं लिहा, लपवू नका. कामावर हजर असण्याची अट बहुतेक पॉलिसींत विमा सुरू होतो त्या दिवसाला लागते, मृत्यूच्या दिवसाला नाही. तरीही आपल्या पॉलिसीतलं ते कलम एकदा वाचून घ्या.

दुसरी गोष्ट रकमेची. समजा, विमा मूळ पगाराच्या 24 पट आहे. पाठवलेल्या यादीत मूळ पगार 17,000, म्हणजे 4,08,000 रुपये. मध्ये पगारवाढ होऊन तो 18,500 झाला, त्याने 4,44,000 होतात. वाढ कळवलेली नसेल आणि पत्रात मोठा आकडा टाकला, तर मेळ बसत नाही. वाढ ज्या मेलने कळवली तो मेल असेल तर जोडा. नसेल तर यादीतलाच आकडा लिहा. राहिलेल्या 36,000 चा प्रश्न मग कंपनी आणि कुटुंब यांच्यातला आहे, आणि माझ्या मते ते पैसे कंपनीने स्वतः द्यावेत, कारण वाढ तिने कळवली नाही.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतं. घरीच वारलेला माणूस असेल तर कारणाच्या जागी "कुटुंबीयांनी कळवल्याप्रमाणे" असं लिहा, डॉक्टरचं प्रमाणपत्र असेल तर त्याचा हवाला द्या. ऐकीव काही घालू नका. अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतात. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर "दत्ता" आणि कंपनीच्या यादीत "दत्तात्रय" असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे त्याच पत्रात लिहा आणि आधारची प्रत जोडा.

विषयाच्या ओळीत मास्टर पॉलिसी नंबर, सदस्य क्रमांक आणि मृत्यूची तारीख हवी. सही विमा कंपनीकडे नमुना दिलेल्या अधिकाऱ्याचीच, शिक्क्यासह. दाव्याचा फॉर्म, नॉमिनीचं ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक वेगळे लागतातच.

आता सगळ्यात वादाचं. काही मालक म्हणतात, "रक्कम आमच्या खात्यात मागवा, त्याची उचल वळती करून उरलेलं देऊ." हे चूक आहे. हा पैसा नॉमिनीसाठी आहे, कंपनीच्या येण्यासाठी नाही. पत्रात सरळ लिहा: "रक्कम थेट नॉमिनीच्या सोबत दिलेल्या खात्यात जमा करावी." उचलीचा हिशेब शेवटच्या पगारापुरता ठेवा.

हो, एक राहिलं. तुमची पॉलिसी पीएफच्या ईडीएलआय या विमा योजनेऐवजी घेतलेली नसेल, तर ईडीएलआयचे पैसे, कमाल 7 लाखांपर्यंत, वेगळे मिळतात. त्यासाठी फॉर्म 5 आयएफ पीएफ कार्यालयात जातो आणि तिथेही कंपनीची सही लागते. दोन्ही कागद त्या बाईकडून एकाच भेटीत भरून घ्या.