ताप येऊ शकतो, हे आधी सांग

बाळा,

लसीकरण शिबिरात दाखवायच्या तुझ्या सिनेमाची संहिता वाचली आणि सोबतची चिठ्ठीही. चिठ्ठीतला प्रश्न संहितेपेक्षा चांगला आहे. तू विचारतोस, 'काकू, लशीनंतर ताप येतो हे दाखवलं तर बायका शिबिरात येणारच नाहीत, असं डॉक्टरसाहेब म्हणतात. तो प्रसंग ठेवू की काढू?' ठेव. खरं तर तोच ठेव आणि बाकीचं काढ.

चार मिनिटांत तू नऊ भीतींना उत्तरं दिली आहेस. वांझपणाची अफवा, सुईची भीती, मुलाला सर्दी असताना लस द्यावी का, नवऱ्याची परवानगी, सगळं आहे. ऐकणाऱ्या बाईच्या हाती त्यातलं काय लागणार? इंदूरजवळच्या हातोदची असो की देपालपूरची, तिला एकच गोष्ट छळते आहे. दीड महिन्याचं हसतं-खेळतं पोर तिने शिबिरात नेलं आणि रात्री ते तापाने फणफणलं. घरातल्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. अडीच महिन्यांच्या लशीला ती आली नाही ती त्या रात्रीमुळे. अफवेमुळे नव्हे.

म्हणून तुझा सिनेमा पहिल्यांदा येणाऱ्या बाईसाठी नाहीच. तिला आशा कार्यकर्ती घरी जाऊन घेऊन येते. तुझा सिनेमा तिला परत आणण्यासाठी आहे. पेंटाव्हॅलंटचे तीन डोस असतात, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जंतूचा संसर्ग या पाच रोगांविरुद्धची ही लस. पहिला डोस घेऊन तिसऱ्यापर्यंत किती मुलं गळली, यावरून आरोग्य खातं आपलं काम जोखतं. त्या गळतीत ही रात्र असते.

आता डॉक्टरसाहेबांचं म्हणणं. ते भले गृहस्थ आहेत आणि त्यांची काळजी खरी आहे. पण ताप लपवला म्हणून ताप यायचा थांबत नाही. ज्या बाळाला यायचा त्याला तो संध्याकाळी येतोच, आणि आपण सांगितलेलं नसलं की बाईला वाटतं, काहीतरी बिघडलं. आधी सांगितलेलं असलं तर तोच ताप तिला म्हणतो, 'दीदी म्हणाली होती तसंच झालं.' ताप तोच, रात्र तीच. एका घरात लशीवरचा विश्वास उडतो आणि दुसऱ्या घरात बसतो. आधी 'हो' म्हण, मग पुढचं बोल. तुझ्या संहितेत नर्स म्हणते, 'घबराने की कोई बात नहीं, टीका पूरी तरह सुरक्षित है.' हे वाक्य खोटं नाही, पण बाईने ते विचारलेलंच नव्हतं. तिने विचारलं होतं, ताप येईल का? त्याचं उत्तर 'हां, आ सकता है' हेच आहे.

'सकता है' मात्र सोडू नकोस. ताप सगळ्यांना येत नाही. 'येणारच' म्हटलंस तर ज्या मुलाला आला नाही त्याची आई म्हणेल, टीका लागलाच नाही, औषध पाण्यासारखं होतं. ही भीतीही मी शिबिरांमधून ऐकली आहे. ताप आला तरी लस काम करते आहे, न आला तरी करते आहे, एवढं एक वाक्य पुरे.

तो प्रसंग कसा लिहायचा ते सांगते. सकाळी इंजेक्शन झालं. पेंटा डाव्या मांडीत देतात. दुपारी बाळ झोपेतून उठतं आणि उजवा पाय झाडतं, डावा मात्र हलवत नाही. कॅमेरा तिथे थांबव. कोणीही आई हे बघून ओळखेल, कारण तिने हे पाहिलेलं असतं आणि कोणी तिला त्याचं कारण सांगितलेलं नसतं. संध्याकाळी अंग तापतं. आई गोधडीत गुंडाळू लागते, कारण ताप म्हणजे थंडी असं तिला वाटतं. तिथे कोणीतरी गोधडी काढायला हवी. पातळ झबलं, अंगावरचं दूध पुन्हा पुन्हा आणि टोचलेल्या जागेच्या सुजेला हात न लावणं. चोळायचं नाही, शेकायचं नाही, हळद थापायची नाही. सुजेच्या जागी छोटी कडक गाठ काही आठवडे राहू शकते, ती आपोआप विरते. एक-दोन दिवसांत ताप उतरतो आणि दोन्ही पाय हलायला लागतात. हे सगळं चित्रातच कळलं पाहिजे, कारण शिबिरात पोरं रडत असतात आणि तुझ्या संवादातलं अर्धं कोणालाच ऐकू येणार नाही.

पॅरासिटामॉलची मात्रा पडद्यावर सांगू नकोस. थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यांत औषधाचं प्रमाण वेगळं असतं. सिनेमातला 'अर्धा चमचा' आठवून कोणी थेंबांच्या बाटलीतून अर्धा चमचा पाजला तर अनर्थ होईल. मात्रा वजनावर ठरते. एएनएम, म्हणजे लस टोचणारी नर्स, बाटली हातात घेऊन आईला दाखवते आहे आणि आई तेच परत म्हणून दाखवते आहे, एवढंच दाखव.

गोधडी काढणारं कोण? तू तिथे डॉक्टर आणला आहेस. रात्री आठ वाजता सांवेरच्या गल्लीत डॉक्टर कुठून येणार? तिथे सासू हवी. तुझ्या संहितेत सासू नुसती आडवी येते, याचा मला राग आला. आपल्या देशात 1978 साली लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची डीपीटी लस दिली जाते, आणि डांग्या खोकल्याचा जो घटक त्यात होता तोच पेंटातही आहे. ताप मुख्यतः त्यानेच येतो. म्हणजे आजच्या सासूने आपल्या मुलाचा ताप याच लशीपायी काढलेला आहे. तिला बोलू दे. 'इसके बाप को भी आया था, दो दिन में खेलने लगा.' या वाक्यापुढे कोणत्याही पांढऱ्या कोटाचं काही चालत नाही. हे मी पूर्वीही एका खात्यासाठी लिहिलं होतं. बैठकीत त्यांनी सासूही काढली आणि तापही. हसऱ्या बाळांचा सिनेमा तयार झाला, छान दिसला, आणि माझं नाव त्यावर आहे. त्याची खंत आजही आहे. लोक म्हणतात मी हट्टी आहे. म्हणोत बापडे. ती संहिता आज परत हाती आली तर मी तीच लिहीन, ताप धरून.

एक अवघड भीती तू टाळलीस, ती मात्र घे. बायका म्हणतात, 'प्राइवेट में बिना बुखार वाला टीका लगता है, सरकारी में बुखार वाला.' हे ऐकून आपले लोक चिडतात आणि खासगीवाले लुटतात म्हणून सांगतात. चिडू नकोस. इथेही आधी 'हो' म्हण. खासगीत मिळणाऱ्या एका प्रकारच्या लशीत डांग्या खोकल्याच्या जंतूचे निवडक भागच असतात, म्हणून ताप कमी येतो. सरकारी लशीत अख्खा मारलेला जंतू असतो. ताप जास्त येतो आणि संरक्षण जास्त टिकतं. दोन्हींनी बाळ वाचतं, धोका मधेच सोडण्यात आहे. सरकारी म्हणजे हलकी, ही सल या बायकांना आयुष्यभर सगळीकडे टोचत असते. ती काढायला तीन सरळ वाक्यं पुरतात, आणि ती नर्सच्याच तोंडी शोभतात.

गोवर-रुबेलाची लस यात घालू नकोस. नववा महिना पूर्ण झाला की ती देतात आणि तिचा ताप त्याच संध्याकाळी नव्हे, साधारण आठवड्याने येतो. दोन्ही एकत्र केलंस की तुझं 'आज रात्री' खोटं ठरतं आणि बाईचा पुढच्या शब्दावरचाही भरवसा जातो. तिच्यासाठी वेगळा सिनेमा कर.

'हो' म्हणण्याची दुसरी बाजूही पाळ. धीर देताना धोक्याची खूण गिळू नकोस. बाळ तीन तासांहून जास्त न थांबता रडत असेल, झटके आले, अंग लुळं पडलं, दूध ओढेना, श्वास लागला, किंवा दोन दिवसांनीही ताप हटला नाही, तर वाट पाहायची नाही. एएनएमला फोन किंवा 108. असं क्वचित होतं, तेही सांग. ज्या बाळाला झटके आले त्याचा पुढचा डोस डॉक्टरच ठरवतील, तेव्हा शेवटी 'कुछ भी हो, अगला टीका ज़रूर' हे तुझं घोषवाक्य आजच खोड.

त्याऐवजी शेवट उशीर झालेल्या बाईवर कर. दहाव्या आठवड्याला ती माहेरी होती, आता ओरडा बसेल आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागेल, म्हणून ती येत नाही. तसं नसतं. राहिलेला डोस तिथून पुढे चालू होतो. एएनएम कार्ड उघडते, न रागावता पुढची तारीख लिहिते. ते न रागावणं नटीकडून नीट करून घे.

सिनेमा कधी दाखवायचा, हेही लिहूनच दे. इंजेक्शननंतर अर्धा तास बसायला सांगतात ना, तेव्हा. ती बाई मोकळी असते, रात्र समोर असते, आणि शेजारी आशाताई असते. बाया येत-जात राहतात, तेव्हा तीन मिनिटांत संपव आणि मधूनच पाहिलं तरी कळेल असं ठेव. फाइल लहान ठेव. आशाताईच्या फोनमधून ती घरोघरी जाईल.

चित्रीकरणाआधी संहिता घेऊन एखाद्या अंगणवाडीत जा आणि बायकांना वाचून दाखव. आवडली का, असं विचारू नकोस, आवडली म्हणतीलच. विचार, 'आज रात्री काय होईल? मग तुम्ही काय कराल?' कोणी 'काहीच होणार नाही' म्हणाली, तर तापाचा प्रसंग अजून कच्चा आहे. कोणी 'डॉक्टरकडे पळू' म्हणाली, तर गोधडीचा. आणि सूज चोळू असं कोणी म्हणाली, तर चित्र बदल, शब्द वाढवू नकोस.

डॉक्टरसाहेबांना हे पत्र हवं तर दाखव. त्यांना एवढंच विचार की त्यांच्या ओपीडीत ते आईला तापाबद्दल काय सांगतात. ते नक्की खरं सांगत असतील. तेच वाक्य नर्सला दे. सासूचे संवाद मालवी बोलीत लिहून पाठव. रविवारी रामबागेत घरीच आहे, बसून तपासू.

तुझी,
काकू