एक पालक, एक भाषा: मूल दुसऱ्याच भाषेत उत्तर देतं तेव्हा

प्रश्न: मी मुलीशी माझ्या भाषेत बोलते, नवरा त्याच्या. तिला माझं सगळं कळतं, पण ती उत्तर शाळेच्या भाषेतच देते. आमची पद्धत चुकतेय का?

उत्तर: पद्धत ठीक आहे, पण ती एकटी पुरत नाही. बेल्जियममध्ये भाषा-संशोधक आनिक द हाउवर यांनी सुमारे 1,900 कुटुंबांची पाहणी केली (2007). ‘एक पालक, एक भाषा’ पाळणाऱ्या घरांपैकी साधारण पाऊण घरांतच मुलं दोन्ही भाषा बोलत होती. दोन्ही पालक घरात अल्पसंख्य, म्हणजे बाहेर फारशी न बोलली जाणारी भाषाच बोलत असतील, तर जवळजवळ सगळीच.

मुलीचा दिवस मोजून बघा. ती बारा तास जागी असेल, त्यातले आठ शाळेत गेले आणि उरलेले आई-बाबांत वाटले, तर तुमची भाषा जेमतेम दोन तास कानावर पडते. नवऱ्याची भाषा शाळेचीच असेल, तर तराजू आणखी झुकतो. त्याला तुमची भाषा थोडी येत असेल, तर जेवताना तिघांनी तीच बोलावी. नियम मोडला तरी चालेल!

दुसरी गोष्ट तुमच्या प्रतिसादाची. तिने शाळेच्या भाषेत पाणी मागितलं आणि तुम्ही लगेच दिलं, तर तुमची भाषा बोलायची गरजच उरत नाही. भाषाशास्त्रज्ञ एलिझाबेथ लान्झा यांनी अशा प्रतिसादांची क्रमवारी लावली आहे. ‘काय हवंय?’ असं न कळल्यासारखं विचारणं सर्वांत ठाम. ‘पाणी हवंय का?’ हे मधलं, कारण तिला नुसतं ‘हो’ म्हणून सुटता येतं. ती रडकुंडीला आली किंवा महत्त्वाचं काही सांगत असली, तर मात्र अडवू नका.

वाक्यात दोन्ही भाषा मिसळल्या, तर तो गोंधळ नव्हे.