स्लिपमधली कपात आणि पासबुकातला भरणा जुळत नाही

प्रश्न : मी 2012 पासून नोकरी करते. सध्याच्या, पुण्यातल्या कंपनीत पगार 1,20,000, त्यात बेसिक 60,000. नवी करप्रणाली. स्लिपवर दरमहा पीएफ 7,200, प्रोफेशनल टॅक्स 200 आणि टीडीएस 7,345. पण पीएफ पासबुकात कंपनीचा हिस्सा 5,950 च दिसतो आणि जुलै 2025 नंतर एकही नोंद नाही. ऑक्टोबरात 50,000 बोनस मिळाला तर टीडीएस एकदम 15,145 झाला. आयकर विभागाच्या फॉर्म 26एएसमध्ये मात्र फक्त जूनपर्यंतचा कर दिसतोय. फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्सही 300 कापला होता. कंपनी माझे पैसे खातेय का?

उत्तर : ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या पीएफचा जाब तुम्ही कंपनीला विचारायलाच हवा. बाकीचे आकडे मी तपासले. त्यांत काही गैर दिसत नाही.

कंपनीच्या हिश्शाचं आधी बघू. कंपनीनेही 7,200 च भरायचे असतात, पण ते सगळे भविष्य निर्वाह निधीत जात नाहीत. त्यातून पगाराच्या 8.33 टक्के रक्कम पेन्शन योजनेत जाते आणि तीही 15,000 च्या पगारमर्यादेवर मोजली जाते, म्हणजे 1,250 रुपये. उरलेले 5,950 तुमच्या खात्यात. पासबुकात पेन्शनचा वेगळा रकाना आहे, तिथे 1,250 असतील तर हिशोब पुरा झाला. तुमच्या ऑफिसातल्या एखाद्या तरुण सहकाऱ्याच्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य आणि कंपनीचा हिस्सा पूर्ण 7,200 दिसला तर बुचकळ्यात पडू नका. 1 सप्टेंबर 2014 नंतर जे पहिल्यांदाच पीएफचे सभासद झाले आणि ज्यांचा पीएफचा पगार तेव्हाच 15,000 च्या वर होता, ते पेन्शन योजनेत येतच नाहीत. तुम्ही 2012 च्या, म्हणून तुमचं गणित वेगळं.

आता बंद पडलेल्या नोंदींकडे येऊ. एखाद्या महिन्याच्या पगारातला पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. म्हणजे ऑगस्टचा 15 सप्टेंबरपर्यंत आणि सप्टेंबरचा 15 ऑक्टोबरपर्यंत. ऑक्टोबरच्या भरण्याची मुदत 15 नोव्हेंबर 2025, हे उत्तर लिहिताना ती उलटलेली नव्हती, तेव्हा त्याबद्दल लगेच तक्रार नको. आधीच्या दोन महिन्यांच्या मुदती मात्र टळून गेल्या आहेत आणि भरणा झाल्यावर पासबुकात नोंद यायला सहसा इतके दिवस लागत नाहीत.

पण लगेच तक्रारीला धावू नका. पीएफच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे, Establishment Search नावाची. तिथे कंपनीचं नाव टाकलं की तिने कोणत्या महिन्याचा भरणा कोणत्या तारखेला, किती रकमेचा आणि किती कर्मचाऱ्यांसाठी केला ते कोणालाही बघता येतं. माझ्या मते नोकरदारांच्या हातातलं हे सगळ्यात उपयोगी हत्यार आहे आणि ते फारच थोड्यांना माहीत असतं. तिथे ऑगस्टचा भरणा दिसला तर कंपनीने पैसे भरलेत, पण तुमचं नाव यादीतून सुटलंय किंवा तुमच्या यूएएनमध्ये, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकात, घोळ झालाय. ही कारकुनी चूक असते आणि एचआरच्या पातळीवरच मिटते. तुमच्या नावावर दोन यूएएन असतील, किंवा एकाच यूएएनखाली दोन सभासद क्रमांक असतील, तर दुसऱ्या क्रमांकाचं पासबुकही उघडून बघा. आणि ऑगस्ट, सप्टेंबर अख्ख्या कंपनीचेच दिसत नसतील, तर तुमच्या एकटीची गोष्ट राहिली नाही. पगारातून कापलेले पैसे कंपनी वापरतेय.

दोन्ही परिस्थितींत पहिलं पाऊल एकच. एचआरला ईमेल करा, तोंडी बोलू नका. मजकूर साधा ठेवा : ऑगस्ट आणि सप्टेंबर 2025 च्या स्लिपवर पीएफ प्रत्येकी 7,200 कापलेला आहे, पासबुकात नोंद नाही, तेव्हा दोन्ही महिन्यांच्या भरण्याची चलनं आणि ज्या पानावर माझं नाव आहे त्याची प्रत सात दिवसांत द्यावी. सोबत दोन्ही स्लिपा जोडा. पहिल्याच पत्रात पोलीस, गुन्हा, कोर्ट हे शब्द आणू नका. त्याने उत्तर तुम्हाला न मिळता कंपनीच्या वकिलाकडे जातं.

सात दिवसांत समाधान झालं नाही तर epfigms.gov.in वर तक्रार नोंदवा. यूएएन, स्लिपा, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि एचआरला पाठवलेली ईमेल जोडा. पीएफ कार्यालय चौकशी करून थकबाकी ठरवतं आणि ती व्याज व दंडासह कंपनीकडून वसूल करतं. ते व्याज आणि दंड कंपनीच्या खिशातून जातो, तुमच्या पगारातून कापता येत नाही. कर्मचाऱ्याचा कापलेला हिस्सा न भरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली विश्वासघाताचा गुन्हाही मानला जातो, पण ते शस्त्र आधी पीएफ कार्यालयाला उगारू द्या.

टीडीएसचं गणित बघू. 14,40,000 मधून 75,000 ची प्रमाणित वजावट गेली की 13,65,000 उरतात. 2025-26 च्या दरांनी त्यावर कर 84,750 आणि चार टक्के उपकर धरून 88,140. बाराने भागलं की बरोबर 7,345. बोनसचे 50,000 तुमच्या 15 टक्क्यांच्या टप्प्यात येतात, म्हणजे उपकरासह 7,800 वाढीव कर. कंपनीने तो ऑक्टोबरातच पुरा कापला, म्हणून 7,345 अधिक 7,800, झाले 15,145. तोच कर मार्चपर्यंतच्या सहा महिन्यांत वाटला असता तर दरमहा 1,300 नी वाढला असता. एकदम कापला म्हणजे लबाडी नव्हे.

26एएसमधली नोंद महिन्याला येत नाही, कंपनी तिमाही विवरणपत्र भरते तेव्हा येते. जुलै ते सप्टेंबरच्या विवरणपत्राची मुदत 31 ऑक्टोबर होती आणि त्यानंतर प्रक्रियेला काही दिवस लागतात. नोव्हेंबरअखेर पुन्हा बघा. तेव्हाही दिसलं नाही तर पॅन बरोबर दिलाय ना ते कंपनीला विचारा. एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी तुमचा कर दुसऱ्याच्या नावावर जमा होऊ शकतो आणि मग कंपनीने दुरुस्ती विवरणपत्र भरावं लागतं.

समजा, कंपनीने कर कापला आणि भरलाच नाही. तर 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 205 प्रमाणे तो कर तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये हेच सांगितलंय. अडचण एवढीच, की विभागाचा संगणक 26एएसमध्ये दिसेल तेवढाच कर धरतो आणि फरकाची मागणी तुमच्या नावावर काढतो. पोर्टलवर ती मागणी अमान्य करून स्लिपा आणि बँक स्टेटमेंट जोडावी लागतात. परतावा मिळायचा असेल तर तो मात्र अडकून बसू शकतो, त्यावर झटपट उपाय नाही. म्हणून प्रत्येक महिन्याची स्लिप आपल्या खासगी ईमेलवर पाठवून ठेवा. नोकरी सोडली की कंपनीचं पोर्टल बंद होतं.

प्रोफेशनल टॅक्सचे 300 बरोबरच आहेत. महाराष्ट्रात अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाला 2,500. महिना 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे, तुमचा पगार त्याहून बराच वर आहे. या कराला पीएफसारखं वैयक्तिक पासबुक नसतं. कंपनी सगळ्या कर्मचाऱ्यांचा एकत्र भरते, त्यामुळे तुमच्या नावाची नोंद शोधत बसू नका.