एक लिटर पेट्रोलचा धूर आणि बसचा पास

प्रश्न: ऑफिस १५ किमीवर आहे, रोज कारने जातो. एक लिटर पेट्रोल किंवा डिझेलमधून किती कार्बन डायऑक्साइड निघतो? बसचा पास काढला तर वर्षाला किती फरक पडेल?

उत्तर: पेट्रोलचा साधारण २.३ किलो, डिझेलचा २.७ किलो. लिटरभर पेट्रोलचं वजनच पाऊण किलो, मग धूर तिप्पट कसा? त्यातल्या कार्बनच्या प्रत्येक अणूला जळताना हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात, ते वजन त्यांचं. डिझेल जास्त दाट, म्हणून आकडा मोठा.

आता तुमचा हिशोब. जाऊन-येऊन ३० किमी, वर्षाला २५० दिवस, म्हणजे ७,५०० किमी. शहरात कारने १५ चं अ‍ॅव्हरेज दिलं तर ५०० लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे ११५० किलो. ४५ देणाऱ्या स्कूटरवर हेच ३८५ किलोच्या आसपास येतं.

डिझेल बस गर्दीत लिटरला साडेतीन किमी धरा. किलोमीटरमागे पाऊण किलोहून थोडा जास्त धूर, पण तो सगळ्या प्रवाशांत वाटला जातो. सरासरी ४० प्रवासी असतील तर तुमच्या वाट्याला वर्षाला १४५ किलो. दहाच असतील तर मात्र ५८०, म्हणजे स्कूटरपेक्षा जास्त! स्कूटरशी बरोबरी व्हायला बसमध्ये पंधराएक माणसं लागतात.

अर्थात बस तुमच्याशिवायही धावणारच असते. त्यामुळे तुम्ही कार घरी ठेवलीत की ते ११५० किलो जवळपास पूर्णच वाचतात. पास खिशात ठेवून कारनेच गेलात तर शून्य.