आकडे थांबलेत, की थांबल्यासारखे दिसतायत?

प्रश्न: एक्सेलमध्ये सिक्वेन्सचा फॉर्म्युला खाली ओढला आणि आकडे बदलायचे थांबले, तर ती कन्व्हर्ज झाली असं समजायचं का? साधारण किती ओळी ओढाव्यात?

नाही, समजायचं नाही. आणि "किती ओळी" हा प्रश्नच मला नको वाटतो, कारण याच प्रश्नापायी माझे दोन मार्क गेले होते.

बी.एस्सी.ला आम्हाला कॉम्प्युटरवर गणिताची प्रॅक्टिकल्स होती. जर्नलच्या पहिल्या पानावर सरांनी नियम लिहून दिला होता: दोन दशांश ठेवा, हजारेक ओळी ओढा, शेवटच्या दहा ओळी सारख्या आल्या की "कन्व्हर्जंट" लिहा आणि शेवटचा आकडा लिमिट म्हणून द्या. मला आलेला सिक्वेन्स असा होता (A मध्ये १, २, ३..., B1 मध्ये ०):

```
B2: =B1+EXP(-B1)
```

करून बघा. पहिल्या काही ओळींत ०, १, १.३७, १.६२ असं येतं. पुढे वेग मंदावतो. प्रत्येक वेळी मिळवायची रक्कम e^(-B), आणि B जितका मोठा तितकी ती बारीक. हजाराव्या ओळीशी पोहोचलात की पडद्यावर ६.९१, ६.९१, ६.९१ अशी रांगच्या रांग लागते. सरांच्या नियमाप्रमाणे लिमिट ६.९१.

मी "डायव्हर्जंट" लिहिलं. खाली कारणही एका ओळीत दिलं होतं: समजा लिमिट L आहे, तर दोन्ही बाजूंना L टाकल्यावर L = L + e^(-L), म्हणजे e^(-L) = ०, आणि हे कुठल्याच L साठी होत नाही. सिक्वेन्स सतत वाढते, लिमिट तर नाही, म्हणजे ती अनंताकडेच जाणार. सरांनी लाल पेनने काट मारली आणि म्हणाले, "प्रॅक्टिकलमध्ये थिअरी नको. दिसतंय ते लिही."

आता दिसतंय काय, तेच बघू. दर ओळीला मिळणारी भर हजाराव्या ओळीशी साधारण ०.००१ असते. दुसरा दशांश बदलायला ०.०१ ची भर पडावी लागते, म्हणजे दहा ओळी. त्यामुळे "सलग दहा सारख्या" हा नियम नेमका हजाराच्या आसपास खरा ठरू लागतो. दोन हजाराव्या ओळीशी एकच आकडा सुमारे वीस ओळी टिकतो. पुढे जाल तसतसा तो जास्त थांबल्यासारखा वाटतो, आणि तरी चालतच असतो. जास्त ओळी ओढल्याने उलट फसवणूक पक्की होते.

म्हणून शेजारच्या ओळी बघू नका, दुप्पट अंतरावरच्या बघा. याच शीटमध्ये १०००, २०००, ४००० आणि ८००० या ओळींवर मला ६.९१, ७.६०, ८.३० आणि ८.९९ दिसतात. ओळ दुप्पट केली की दर वेळी सुमारे ०.६९ ची भर, म्हणजे ln 2. ही भर कमीच होत नाही. जे थांबलंय त्याचं असं होत नसतं.

तुलनेला दुसरा कॉलम करा. C1 मध्ये १ टाका आणि मग:

```
C2: =C1+1/A2^2
```

इथे १००० ला १.६४३९३, २००० ला १.६४४४३, ४००० ला १.६४४६८. फरक ०.०००५०, मग ०.०००२५, म्हणजे दर दुपटीला निम्मा. हा खरोखर कुठेतरी पोहोचतोय (π²/६ ला, सुमारे १.६४४९३). पण गंमत बघा, हजाराव्या ओळीत शेजारच्या दोन पदांत फरक फक्त ०.०००००१ च्या घरात असतो, आणि खऱ्या लिमिटपासूनचं अंतर मात्र ०.००१. शेजारचा फरक म्हणजे चूक नव्हे. सरांच्या नियमातली खरी गफलत हीच होती. जिथे लिमिट होती, तिथेसुद्धा शेवटचा आकडा तिच्याऐवजी लिहून चालत नव्हतं.

नियमाने कधी नीट काम केलं नाही असंही नाही. D2 मध्ये `=COS(D1)` टाकून खाली ओढा, पंचवीस-तीस ओळींत ०.७३९१ वर चार दशांश पक्के होतात. कारण तिथे प्रत्येक फरक आधीच्या फरकाच्या साधारण ०.६७ पट होतो (चिन्ह बदलत), आणि हे गुणोत्तर १ च्या बरंच खाली टिकून राहतं. शेजारी आणखी एक कॉलम करून लागोपाठच्या फरकांचं हे गुणोत्तर काढा. ते ०.६७ सारखं ठाम बसलं तर निर्धास्त व्हा. ०.९९, ०.९९९ करत १ कडे सरकू लागलं तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, दुपटीची तपासणी करा. तसं ते १/n² वाल्या कॉलमचंही सरकतं, म्हणून १ कडे जाणं हा डायव्हर्ज होण्याचा पुरावा नाही.

दुपटीची तपासणीही सर्वज्ञ नाही, हे सांगायला हवं. १/(n ln n) ची बेरीज n = २ पासून घ्या. १००० ते २००० मध्ये भर ०.०९६, २००० ते ४००० मध्ये ०.०८७. कमी होतेय, पण इतकी सावकाश, की ती बेरीज शेवटी अनंताकडेच जाते. अशा ठिकाणी शीट तुम्हाला काही सांगणार नाही, कागद लागतो.

आणखी एक, जे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. एक्सेल जेमतेम पंधरा अंकांत हिशेब करतं. माझ्या त्या सिक्वेन्ससाठी शीट कितीही लांब असती, तरी B साधारण ३३ च्या थोडं पुढे गेल्यावर e^(-B) इतका बारीक होतो की मिळवल्यावर काहीच बदलत नाही. तिथे आकडा खरोखरच, सगळ्या दशांशांसह, थांबेल. त्याला लिमिट म्हणायचं नाही. अर्थात तिथवर जायला एकावर चौदा शून्यं याहूनही जास्त ओळी लागतील, त्यामुळे आपल्याला तो प्रसंग येत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर: ओळींचा आकडा ठरवू नका, दुपटींचा ठरवा. पाच-सहा दुपटी बघा आणि दशांश आधी दहापर्यंत वाढवून घ्या. ओढायचा कंटाळा येत असेल तर सेलचं नाव दाखवणाऱ्या चौकटीत B2:B1048576 लिहून एंटर मारा आणि Ctrl+D दाबा. शीट थोडा वेळ अडकेल, अडकू द्या.

सर हे वाचत असतील तर त्यांनीही दाबावं. एक्सेलची सगळी शीट संपते आणि शेवटच्या ओळीत १३.८६ येतं, ६.९१ नाही.