जोडीदाराचा शनी माझ्या चंद्राशी केंद्रयोगात: टिकणारं नातं की जाच?

प्रश्न: त्याचा शनी माझ्या चंद्राशी केंद्रयोग करतो. याचा अर्थ नातं टिकेल की मी कोंडली जाईन?

फक्त या एका योगावरून ज्योतिषी निर्णय देत नाहीत. आधी अंशांतर बघा, म्हणजे दोन ग्रहांमधलं अंतर केंद्रयोगाच्या नेमक्या ९० अंशांपासून किती हुकतं ते. शनीसाठी साधारण ३ अंशांपर्यंतचा योग ठळक मानतात. ७-८ अंशांवर गेलेल्या योगाला उगाच घाबरू नका. खरी मेख पुढे आहे: शनीचा धागा एकाच बाजूने आहे की दोन्हीकडून?

समजा, त्याचा शनी मकरेत १३ अंशांवर आणि तुमचा चंद्र मेषेत १४ वर. अंतर ९१, म्हणजे घट्ट केंद्रयोग. एवढंच असेल तर तो सतत तोलणारा आणि तुम्ही कमी पडणाऱ्या, असं चित्र धरतात. आता तुमचा शनी तुळेत २० अंशांवर आणि त्याचा शुक्र मिथुनेत १९ वर असेल, तर तो नवपंचम, म्हणजे साधारण १२० अंशांचा अनुकूल योग झाला. बंधन दोघांनी पत्करलं, म्हणून इथे बांधिलकी म्हणतात. शिवाय त्याचा गुरू मिथुनेत १६ वर असेल तर तुमच्या चंद्राशी लाभयोग, म्हणजे साधारण ६० अंशांचा अनुकूल योग होतो आणि केंद्रयोगाची धार बरीच बोथट होते.

मात्र चंद्र-शुक्राला गुरूचा आधारच नसेल आणि शनी एकतर्फी असेल, तर नातं टिकतं पण जाच वाटतो. नुसतं टिकणं हा चांगला पुरावा नाही, कारण शनी एकतर्फी असो वा दोन्हीकडून, धरून ठेवतोच.

समवयस्कांमधली शनी-शनी युती मात्र सोडून द्या. ती त्या वर्षी जन्मलेल्या जवळपास सगळ्यांशीच होते.