मोबाईलवर हिरवा पडदा वापरताना कडा खडबडीत का येतात?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात राहतो. घरीच हिरवा कपडा लावून फोनवर व्हिडिओ करतो आणि पाठीमागे दुसरे चित्र टाकतो. दिवसा बरे येते, पण संध्याकाळी ट्यूबलाइटखाली केसांभोवती हिरवी झालर दिसते आणि कडा खरवडल्यासारख्या होतात. दोन ॲप बदलून झाली. आता कोणते घेऊ?

उत्तर : तिसरे ॲप घेऊ नका. तेच ॲप आणि तोच कपडा दिवसा नीट काम देत असेल, तर बिघाड कुठे आहे हे तुमच्याच प्रश्नात आले आहे. मी बेळगावात शहापूर भागात राहतो आणि गेली काही वर्षे लग्नाची आमंत्रणे, शाळेचे पाठ असले छोटे व्हिडिओ फोनवरच तयार करून देतो. हीच झालर मीही बराच काळ ॲपमधल्या पट्ट्या सरकवून घालवू पाहत होतो.

हिरवा रंग पुसणारे साधन प्रत्येक ठिपक्याचा रंग पाहते आणि तो ठिपका कपड्याचा की माणसाचा हे ठरवते. अडचण अशी की फोन व्हिडिओ साठवताना उजेड-अंधाराची नोंद जितकी बारीक ठेवतो, तितकी रंगाची ठेवत नाही. 1920 × 1080 आकाराच्या नेहमीच्या व्हिडिओत उजळपणा प्रत्येक ठिपक्याचा वेगळा असतो, पण रंग मात्र शेजारच्या चार ठिपक्यांना मिळून एकच दिलेला असतो, म्हणजे रंगाचे चित्र प्रत्यक्षात 960 × 540 इतकेच असते. नुसते पाहताना हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण आपला डोळा रंगापेक्षा उजळपणातले बारकावे अधिक टिपतो. पडदा पुसण्याचे काम मात्र नेमके या जाड रंगचित्रावर चालते. केसाची एक बट चार ठिपक्यांच्या चौकोनात अर्धी आली, तर त्या चौकोनाला काळा आणि हिरवा यांच्या मधला रंग मिळतो. तो ठेवला तर हिरवी झालर दिसते आणि काढला तर केस कातरल्यासारखा दिसतो. इतका दोष उत्तम उजेडातही राहतोच, पण तो सहसा खपून जातो.

उजेड कमी झाला की फोन दोन गोष्टी करतो आणि दोन्ही कडांच्या मुळावर येतात. एक म्हणजे तो आयएसओ वाढवतो, म्हणजे मिळालेला थोडासा संकेत फुगवून घेतो. त्याबरोबर खरखरही फुगते आणि एकरंगी असायला हवा तो कपडा हिरवा, पिवळसर, राखाडी अशा वळवळणाऱ्या ठिपक्यांनी भरतो. मग ही खरखर लपवण्यासाठी फोन चित्र आपणहून गुळगुळीत करतो, त्यात केसांच्या बटा आणि मागचा कपडा एकमेकांत सारवले जातात. दुसरे म्हणजे तो शटर जास्त वेळ उघडे ठेवतो. सेकंदाचा 1/25 भाग हा वेळ फार वाटत नाही, पण बोलता बोलता हात सेकंदाला एक मीटर वेगाने हलला, तर तेवढ्या वेळात तो 4 सेंटिमीटर सरकतो. त्या 4 सेंटिमीटरच्या पट्ट्यात धड हातही नाही आणि धड कपडाही नाही. तिथे अर्धपारदर्शक, हिरवट-तपकिरी सावली उरते आणि ती स्वच्छ कापून काढणे कोणत्याही ॲपला जमत नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. जुलै महिन्यात खानापूरच्या एका शिक्षिकेच्या घरी मलप्रभा नदीवरचा पाठ चित्रित करायचा होता. बाई बोलणार आणि त्यांच्या पाठीमागे कणकुंबीचा उगम ते पुढचा प्रवाह असा नकाशा दिसणार, अशी कल्पना होती. कौलारू घर, माजघराला एकच लहान खिडकी, बाहेर धो धो पाऊस आणि डोक्यावर एकच ट्यूबलाइट. कपडा भिंतीला खिळ्यांनी ताणला होता आणि बाई त्याच्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. फोनने आपल्या मनाने 1/25 शटर आणि 800 आयएसओ घेतला. घरी येऊन पाहिले तेव्हा बाईंच्या अंबाड्याची कड कुरतडल्यासारखी झाली होती, खांद्यावर हिरवी छटा होती आणि नकाशाकडे बोट दाखवताना बोटे मध्येच नाहीशी होत होती. बाईंनी विचारले, "दादा, कपडाच स्वस्तातला आणलाय का?" कपडा चांगला जाड सुती होता, खडेबाजारातून मीच निवडून आणलेला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तोच कपडा ओसरीच्या दाराजवळ लावला. आभाळ भरलेलेच होते, तरी फोन 1/100 शटर आणि 100 आयएसओवर स्थिरावला. शटर चौपट जलद आणि आयएसओ आठपट कमी, म्हणजे आदल्या संध्याकाळच्या सुमारे 32 पट उजेड होता. ॲपमधली एकही पट्टी न हलवता अंबाडा जवळजवळ स्वच्छ सुटला. डोळ्याला दोन्ही वेळचा फरक एवढा मोठा जाणवत नाही, कारण डोळा अंधाराला सरावतो, आणि म्हणूनच "ट्यूब लावली आहे की, उजेड पुरेसा आहे" असे आपल्याला वाटत राहते.

तुम्हाला संध्याकाळीच चित्रण करायचे असेल, तर दिवे वाढवण्याआधी ते जवळ आणा. साध्या बल्बचे अंतर निम्मे केले की उजेड साधारण चौपट होतो, त्यामुळे 8 फुटांवरचा बल्ब 2 फुटांवर आणला तर तोच बल्ब जवळपास 16 पट काम करतो. मी 9 वॅटचे तीन एलईडी बल्ब होल्डर-वायरसह वापरतो. त्यांतले दोन फक्त कपड्यासाठी, डावीकडून आणि उजवीकडून तिरके, तीन-साडेतीन फुटांवर असतात. तिसरा चेहऱ्यासाठी, थोडा वर आणि बाजूला, तीन फुटांवर असतो, आणि चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा टेकवून ठेवतो. एवढ्यावर माझा फोन 1/50 शटर आणि 400 आयएसओपर्यंत येतो. हे दिवसाच्या ओसरीइतके नसले तरी चालते. कपड्याला स्वतंत्र उजेड द्यायचाच, कारण एकीकडे उजळ आणि दुसरीकडे अंधारलेला कपडा म्हणजे ॲपच्या दृष्टीने दोन वेगळे हिरवे रंग होतात, आणि दोन्ही पुसायला गेल्यास माणसाची कड खाल्ली जाते.

माणूस कपड्यापासून निदान पाच-सहा फूट पुढे असावा. जवळ उभे राहिल्यास कपड्यावरून उसळलेला हिरवा प्रकाश खांद्यावर आणि गालाच्या कडेला पडतो आणि माणसाची सावलीही कपड्यावर येते. आपल्याकडच्या लहान खोल्यांत एवढे अंतर मिळणे कठीण असते, हे खरे आहे. अशा वेळी मी दाराच्या चौकटीचा उपयोग करतो : कपडा आतल्या खोलीत, माणूस उंबरठ्याशी आणि फोन बाहेर.

फोनच्या कॅमेऱ्यात व्हिडिओसाठी प्रो मोड असेल, तर शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे अनेक दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि या लयीशी न जुळणारा आकडा घेतल्यास कपड्यावर सरकणारे पट्टे उमटू शकतात. प्रो मोड नसेल तर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, म्हणजे बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड जागच्या जागी अडकतात. सौंदर्य वाढवणारे फिल्टर बंद ठेवा, कारण ते चेहऱ्याबरोबर कडाही घासतात. फोन 4K मध्ये घेत असेल तर तसे घ्या आणि शेवटचा व्हिडिओ 1080 मध्ये काढा. 4K चे रंगचित्र 1920 × 1080 असते, त्यामुळे शेवटी प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग मिळतो. मूळ फाईल दुसऱ्या फोनवर पाठवायची असेल तर व्हॉट्सॲपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या व्हिडिओसारखी पाठवली की ती पुन्हा दाबली जाते आणि आधी रंगाचे बारकावे जातात.

कोणता दोष आहे हे ओळखायला रंग पुसण्याआधीचा व्हिडिओ थांबवा आणि दोन बोटांनी मोठा करा. कपड्यावर मुंग्यांसारखे ठिपके वळवळत असतील तर उजेड कमी पडला आहे. फक्त हलणाऱ्या हाताच्या कडा पसरल्या असून स्थिर खांदा स्वच्छ असेल, तर शटर मंद आहे. खांदा स्थिर आणि स्वच्छ असूनही हिरवट असेल, तर तुम्ही कपड्याच्या फार जवळ आहात. ॲपची पट्टी या तिसऱ्या दोषात थोडीफार मदत करते, पहिल्या दोहोंत जवळजवळ नाहीच. पट्टी वापरताना निव्वळ काळा-पांढरा मास्क दाखवणारा पर्याय असेल तर तो चालू करा. आधी कपडा पूर्ण काळा होईपर्यंत एक पट्टी सरकवा आणि माणसाच्या अंगात काळी भोके पडू लागण्याआधी थांबा. दोन्ही एकाच वेळी साधत नसेल, तर चित्रण पुन्हा करणेच कमी वेळाचे ठरते.

आपल्या बायकांच्या हातातला हिरवा चुडा हीदेखील एक वेगळी अडचण आहे. एका आमंत्रणाच्या व्हिडिओत नवरीचे मनगट कापून हात अधांतरी तरंगताना दिसला, कारण बांगड्या कपड्याबरोबर पुसल्या गेल्या होत्या. नवरीला चुडा काढायला सांगणे शक्यच नव्हते. तिथे निळा कपडा लावावा लागतो, पण निळ्याला उजेड आणखी जास्त लागतो, कारण फोनच्या सेन्सरवर हिरवा टिपणारे बिंदू निळ्याच्या दुप्पट असतात आणि निळ्यात खरखर लवकर दिसते.

कपड्याशिवाय पार्श्वभूमी बदलणारे जे साधन फोनमध्ये असते, त्याचे गणित निराळे आहे. ते रंग पाहत नाही, माणसाचा आकार ओळखते. थेट चित्रण चालू असताना सेकंदाला 30 चित्रे उरकायची असल्याने ते बहुधा लहान आकाराच्या चित्रावर कड ठरवते आणि ती ताणून मोठी करते. असे एक प्रचलित मॉडेल फक्त 256 × 256 ठिपक्यांवर चालते. त्यामुळे बटा, चष्म्याची काडी, बोटांमधल्या फटी त्यात बुजतात. अंधारात काळे केस काळोख्या भिंतीत मिसळले की कड दर क्षणाला जागा बदलते आणि डोक्याभोवती काहीतरी उकळत असल्यासारखे दिसते. मात्र कपड्याच्या सुरकुत्या आणि त्यावरचा असमान उजेड यांचे त्याला फारसे सोयरसुतक नसते. म्हणून एखाद्या संध्याकाळी खरोखरच एका ट्यूबवर भागवायचे असेल, तर मी हिरवा कपडा काढून ठेवतो, माणसाला फिक्या रंगाच्या मोकळ्या भिंतीपुढे ट्यूबच्या समोर तोंड करून बसवतो, हात कमी हलवायला सांगतो आणि पार्श्वभूमी चित्रण झाल्यावर बदलतो.